रोजचा दीड जीबी पुरेल का? व्हिडिओ कॉल, नकाशे, गाणी आणि चित्रपटांचा डेटा-हिशेब

आमच्या घरातील आणि नात्यातील मिळून पाच मोबाइल क्रमांकांचे रिचार्ज गेली काही वर्षे मी करतो आहे. प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो : रोज दीड जीबीचा प्लॅन घ्यावा, की दोन जीबीचा? त्याचे उत्तर बहुतेक जण अंदाजाने देतात, आणि हा अंदाज जवळजवळ नेहमी चुकीच्या गोष्टीवर बांधलेला असतो. माझी भाची नोकरीसाठी पुण्यात वाकडला राहते. तिचा मागच्या महिन्यात फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "मामा, दीड जीबी रात्री नऊलाच संपतो. बसमध्ये गाणी चालू असतात, वर मॅप लावलेला असतो, त्यानेच जात असणार. या वेळी दोनचा टाक." मी तिला एक आठवडा थांबायला सांगितले आणि त्या आठवड्यात फोनवरचे आकडे लिहून ठेवायला सांगितले. त्या आकड्यांचा हिशेब पुढे सविस्तर दिला आहे. तो नीट समजण्यासाठी आधी कोणती गोष्ट किती डेटा घेते आणि का घेते, हे पाहू.

वेगावरून डेटा कसा काढायचा

गोंधळाची सुरुवात एककांपासून होते. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि प्लॅनमधील डेटा बाइटमध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून एखादा व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे 1 Mbps, या दराने येत असेल, तर तासाच्या ३,६०० सेकंदांत ३,६०० मेगाबिट येतात आणि त्यांना आठने भागले की ४५० एमबी होतात. एवढे एकच सूत्र लक्षात ठेवले, तर कोणत्याही ॲपने स्वतःच्या मदत-पानावर दिलेल्या वेगावरून तासाचा खर्च आपला आपण काढता येतो.

```
Mbps × 450 = MB प्रति तास
kbps × 0.45 = MB प्रति तास
```

उदाहरणार्थ, स्पॉटिफायवर High या दर्जाला गाणे 160 kbps ने येते. १६० गुणिले ०.४५ म्हणजे तासाला ७२ एमबी. झूम आपल्या दोन व्यक्तींच्या साध्या व्हिडिओ कॉलसाठी जाताना 600 kbps आणि येताना 600 kbps एवढा वेग सांगते. दोन्ही मिळून १,२००, म्हणजे तासाला ५४० एमबी. येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही, ती अशी की प्लॅनमधून केवळ आलेला डेटा वजा होत नाही, आपल्या फोनमधून गेलेला डेटाही तेवढाच मोजला जातो. गाणी, चित्रपट आणि नकाशे यांत जवळजवळ सगळा डेटा आपल्याकडे येतो, म्हणून तेथे याने फारसा फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र आपला चेहराही पलीकडे पाठवावा लागतो आणि खर्च जवळपास दुप्पट होतो.

चित्रपट, मालिका आणि यूट्यूब

प्लॅन कोणता घ्यायचा, हे प्रत्यक्षात याच एका गोष्टीवर ठरते, त्यामुळे येथे थोडे थांबू. व्हिडिओचा खर्च आपण काय पाहतो यापेक्षा किती स्पष्ट पाहतो यावर अवलंबून असतो. यूट्यूबवर 360p ला तासाला साधारण ३०० एमबी, 480p ला साधारण ५०० एमबी, 720p ला एक ते दीड जीबी आणि 1080p ला दोन जीबी किंवा त्याहून अधिक, असे धरून चालावे. हे आकडे स्थिर नसतात. एकाच जागी बसून बोलणाऱ्या वक्त्याच्या भाषणात चित्र फारसे बदलत नाही, त्यामुळे ते कमी डेटात मावते. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा सतत फिरतो, हिरवळ आणि प्रेक्षक हलत राहतात, त्यामुळे त्याच 720p ला अधिक डेटा लागतो. शिवाय चित्र दाबून लहान करण्याची पद्धत प्रत्येक ॲपची आणि काही अंशी प्रत्येक फोनची वेगळी असते. म्हणून एखाद्याला तासाला नऊशे एमबी लागले आणि दुसऱ्याला चौदाशे, तर दोघांचेही मोजमाप बरोबर असू शकते.

दर्जा निवडण्याने केवढा फरक पडतो, याचे स्वच्छ उदाहरण नेटफ्लिक्सच्या मोबाइल ॲपमध्ये आहे. Save Data निवडले तर एका जीबीत सुमारे सहा तास पाहता येते, Automatic ठेवले तर सुमारे चार तास, आणि Maximum Data निवडले तर तोच एक जीबी वीस मिनिटांत किंवा त्याहूनही लवकर संपू शकतो, असे कंपनीच सांगते. म्हणजे तोच फोन, तीच मालिका आणि तोच माणूस असताना केवळ एका पर्यायामुळे खर्च अठरा पटींनी बदलतो. प्लॅन दीडचा की दोनचा, हा फरक यापुढे किरकोळ आहे.

बहुतेक ॲपमध्ये मूळ निवड Auto अशी असते आणि तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. Auto म्हणजे डेटा वाचवणारी निवड नव्हे. नेटवर्क जेवढा वेग देईल, तेवढे स्पष्ट चित्र आणायचे, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. यावरून एक वरकरणी विचित्र वाटणारी गोष्ट स्पष्ट होते. नवा फोन घेतला किंवा परिसरातील नेटवर्क सुधारले की "आता डेटा लवकर संपतो" अशी तक्रार सुरू होते. डेटा कोणी चोरत नसतो. पूर्वी रेंज कमी असल्याने जो व्हिडिओ 360p वर अडकून राहायचा, तोच आता 720p वर किंवा त्यापुढे जातो आणि त्याच एका तासाला तिप्पट-चौपट डेटा लागतो.

यूट्यूबमध्ये हे बदलण्यासाठी Settings मध्ये Video quality preferences उघडावे. तेथे मोबाइल नेटवर्क आणि वायफाय यांच्यासाठी वेगवेगळी निवड करता येते. मोबाइल नेटवर्कखाली Data saver निवडावे. एखाद्या व्हिडिओपुरता दर्जा ठरवायचा असेल, तर तो चालू असताना वरच्या दातेरी चाकाच्या चिन्हातून Quality मध्ये जाऊन 480p निवडावे. माझे मत असे की साडेसहा इंचांच्या पडद्यावर मालिका, मुलाखती आणि पाककृती यांसाठी 480p पूर्ण पुरते. सामना पाहताना कोपऱ्यातील बारीक आकडे वाचायचे असतील, तेव्हाच 720p ची गरज जाणवते.

रील्स आणि शॉर्ट्स यांचा हिशेब वेगळा धरावा, कारण तेथे दर्जा निवडण्याची सोय फारशी नसते आणि एक व्हिडिओ पाहत असतानाच पुढचे एक-दोन आधीच उतरवून ठेवले जातात. न पाहता सरकवून टाकलेल्या रीलचाही डेटा गेलेला असतो. तासाला साधारण सहाशे-सातशे एमबी धरले, तर फार चूक होत नाही. इन्स्टाग्राममध्ये मोबाइल डेटा वाचवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की आधीच उतरवून ठेवणे कमी होते आणि रील सुरू व्हायला क्षणभर अधिक वेळ लागतो.

व्हिडिओ कॉल

व्हॉट्सॲपवरील दोघांमधील व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण चार ते सहा एमबी लागतात, म्हणजे अर्ध्या तासाला दीडशे एमबीच्या आसपास. पण हे दुसऱ्याच्या आकड्यावर सोडण्याचे कारण नाही, कारण मोजण्याची सोय ॲपमध्येच आहे. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Storage and data आणि त्यात Network usage उघडावे. कॉल, फोटो-व्हिडिओ, स्टेटस असा वेगवेगळा खर्च तेथे दिसतो. सर्वांत खाली जाऊन आकडे शून्य करावेत, नेहमीसारखा एक कॉल करावा आणि परत येऊन पाहावे. भाचीने आईला केलेल्या २२ मिनिटांच्या कॉलला पाठवलेला आणि आलेला मिळून ११८ एमबी डेटा लागला. म्हणजे मिनिटाला साडेपाच एमबीपेक्षा किंचित कमी. त्याच ठिकाणी Use less data for calls हा पर्याय आहे. तो चालू केल्यावर चित्र थोडे मऊ होते, पण रेंज कमी असताना कॉल तुटण्याचे प्रमाणही घटते.

कार्यालयीन बैठकांचा खर्च मात्र याहून बराच मोठा असतो. झूमच्या सामूहिक बैठकीत 720p चित्रासाठी जाताना 2.6 आणि येताना 1.8 Mbps एवढा वेग कंपनी सांगते. बेरीज 4.4 आणि त्याला ४५० ने गुणले की तासाला जवळजवळ दोन जीबी. घरून काम करणाऱ्याने मोबाइलच्या डेटावर रोज एक तास अशी बैठक केली, तर दोन जीबीचा प्लॅन तिच्यातच संपेल. सुदैवाने येथे स्वतःचा कॅमेरा बंद करण्याचा उपाय खरोखर परिणामकारक आहे, कारण जाणारा भाग जवळजवळ नाहीसा होतो. इतरांनीही कॅमेरे बंद ठेवले आणि केवळ सादरीकरण पडद्यावर असले, तर स्थिर पानांना फार थोडा डेटा लागतो.

आणखी एक साधी गोष्ट अशी की भारतातल्या भारतात केवळ बोलायचे असेल, तर व्हॉट्सॲप कॉलऐवजी साधा फोन करावा. अमर्याद कॉल असलेल्या प्लॅनमध्ये साधा कॉल रोजच्या डेटातून वजा होत नाही. व्हॉट्सॲपच्या आवाजी कॉललाही तासाला तीसेक एमबीच लागतात, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांशी तो निःशंकपणे करावा.

गाणी आणि नकाशे

गाण्यांच्या ॲपचा खर्च फार कमी असतो. 96 kbps ला तासाला ४३ एमबी, 160 ला ७२ आणि 320 ला १४४ एमबी. दिवसाला दोन तास गाणी ऐकणाऱ्याचेही दीड जीबीतील जेमतेम दहावा भाग जातात.

खरी गळती तेथे होते, जेथे गाणी व्हिडिओच्या ॲपवर ऐकली जातात. माझ्या वहिनी सकाळी स्वयंपाक करताना यूट्यूबवर अभंग लावतात. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, त्याकडे तासाभरात कोणी पाहतही नाही, आणि पडद्यावर विठ्ठलाचे चित्र मंद हलत असते. त्या न पाहिलेल्या चित्रासाठी 480p ला तासाला पाचशेच्या आसपास एमबी जात होते. तेच अभंग गाण्यांच्या ॲपवर ७२ एमबीमध्ये येतात. त्यांना यूट्यूबच हवे होते, कारण त्यांच्या आवडीचे कीर्तनकार दुसरीकडे नाहीत. म्हणून त्यांना दर्जा 144p करायला शिकवले. आवाजात त्यांना फरक जाणवला नाही आणि खर्च तासाला शंभर एमबीच्या आसपास आला.

नकाशांविषयीचा समज तर पूर्णपणे उलटा आहे. गुगल मॅप्सवर रस्ता दाखवत गाडी चालवताना तासाला साधारण पाच एमबी किंवा त्याहून कमी डेटा लागतो. याचे कारण असे की नकाशा चित्र म्हणून येत नाही. रस्ते, वळणे आणि नावे यांची माहिती बिंदू आणि रेषांच्या रूपात येते, तिच्यावरून चित्र आपला फोन काढतो, आणि आपण कोठे आहोत हे उपग्रहाच्या संकेतांवरून कळते, ज्याला डेटा लागत नाही. वाहतुकीची ताजी माहिती अधूनमधून येते, तीही थोडीच. पुणे ते कोल्हापूर असा पाच तासांचा प्रवास पंचवीसेक एमबीमध्ये होतो. Satellite हा थर चालू असेल, तर मात्र जमिनीची खरी छायाचित्रे उतरतात आणि खर्च कैक पटींनी वाढतो. तो थर प्रवासात बंद ठेवावा.

नकाशा आधी उतरवून ठेवावा तो डेटा वाचवण्यासाठी नव्हे, तर घाटात रेंज जाते म्हणून. गुगल मॅप्समध्ये वर उजवीकडील आपल्या चित्रावर टिचकी मारून Offline maps निवडावे आणि चौकटीत प्रदेश बसवावा. किती जागा लागेल, ते उतरवण्यापूर्वी दिसते. हे काम वायफायवर करावे. अशा नकाशावर गाडीचा रस्ता मिळतो, पण वाहतुकीची कोंडी, बसचे मार्ग आणि पायी जाण्याचे मार्ग मिळत नाहीत.

आठवडाभर मोजणे

आता आपला खर्च मोजण्याकडे वळू. अँड्रॉइड फोनमध्ये Settings मधील Network & internet या भागात सिमखाली App data usage असते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याची जागा आणि नाव थोडे वेगळे असते, तेव्हा Settings च्या शोधपट्टीत Data usage असे लिहिले की ते सापडते. तेथे ॲपनिहाय यादी दिसते आणि मोजणी महिन्याच्या कोणत्या तारखेपासून सुरू व्हावी, हेही ठरवता येते. आयफोनमध्ये Settings मधील Mobile Data उघडावे. तेथील Current Period आपोआप शून्य होत नाही, त्यामुळे फोन घेतल्यापासूनची बेरीज दिसून माणूस घाबरतो. मोजणी सुरू करताना सर्वांत खालचे Reset Statistics दाबावे आणि मगच आकडे वाचावेत.

सात दिवस रात्री झोपण्यापूर्वी पहिल्या पाच ॲपचे आकडे वहीत लिहावेत आणि कालच्या आकड्यातून वजा करावेत. महिन्याची एकूण बेरीज पुरेशी का नाही, हे येथे समजून घेणे महत्त्वाचे आहे. आपल्याकडील बहुतेक प्रीपेड प्लॅन रोजच्या मर्यादेचे असतात. रात्री बारा वाजता नवा दिवस सुरू होतो आणि कालचा उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये वाया जातो. महिन्याला ४० जीबी वापरणाऱ्याला २८ दिवसांचा दीड जीबीचा प्लॅन, म्हणजे एकूण ४२ जीबी, पुरेसा वाटेल. पण तो सोमवार ते शुक्रवार एक जीबी आणि शनिवार-रविवारी अडीच जीबी वापरत असेल, तर पाच दिवस अर्धा जीबी वाया जाईल आणि दोन दिवस एक जीबी कमी पडेल. म्हणून सरासरी न काढता साधा दिवस आणि जड दिवस असे दोन वेगळे आकडे काढावेत, आणि महिन्यात जड दिवस किती येतात, ते मोजावे.

या आठवड्यात रोजचा डेटा संपत आल्याचा एसएमएस किती वाजता येतो, तेही टिपून ठेवावे. तो रात्री येत असेल, तर खर्च आपल्या पाहण्यामुळे होतो आहे. सकाळी उठल्या उठल्या आलेला दिसला, तर रात्री फोनने आपल्या आपण काही केले आहे : ॲप अद्ययावत झाली असतील, फोटो साठवणीसाठी वर गेले असतील किंवा व्हॉट्सॲपच्या गटांतील व्हिडिओ उतरले असतील. प्ले स्टोअरच्या Network preferences मध्ये केवळ वायफायवर अद्ययावत करण्याची निवड असते आणि व्हॉट्सॲपच्या Storage and data मध्ये When using mobile data खालील सर्व खुणा काढता येतात.

एक सापळा मात्र या सर्व निवडींना चकवतो. गणपतीत आम्ही कोकणातल्या घरी होतो, तेव्हा माझ्या फोनचा हॉटस्पॉट मी दोन पुतण्यांना दिला. सकाळी सहा वाजता माझा त्या दिवसाचा सगळा डेटा संपलेला होता. झाले असे की हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला ते वायफायच वाटते. धाकट्याच्या फोनने "केवळ वायफायवर" या अटीने रोखून धरलेले आरतीचे सगळे व्हिडिओ रात्री बारानंतर वर पाठवले. माझ्या फोनवर तो खर्च हॉटस्पॉटच्या नावावर एकत्र दिसला, म्हणून उलगडा झाला. जोडून घेणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये त्या वायफायच्या तपशिलात जाऊन Network usage खाली Treat as metered निवडावे. विंडोज संगणकावर याच कामासाठी Metered connection हा पर्याय असतो. लॅपटॉपला हॉटस्पॉट देणाऱ्याने तो पहिल्या दिवशीच चालू करावा, कारण विंडोज अद्ययावत होताना काही जीबी सहज जातात.

भाचीचा आठवडा आणि त्यावरून केलेली निवड

आठवड्याने तिने वही उघडली, तेव्हा कामाचा एक साधा दिवस असा होता. बसमध्ये दीड तास गाणी, सुमारे ११० एमबी. नकाशा, ६ एमबी. आईशी पंचवीस मिनिटे व्हिडिओ कॉल, १३० एमबी. रील्स पन्नास मिनिटे, ५५० एमबी. जेवताना यूट्यूबवर पाऊण तासाचा एक भाग, ९०० एमबी. संदेश, मेल, पैसे देणे आणि किरकोळ वाचन, १५० एमबी. बेरीज १,८४६ एमबी. ज्या गाण्यांवर आणि नकाशावर तिचा संशय होता, त्यांचा वाटा साडेसहा टक्क्यांहून कमी निघाला. जेवतानाचा एक भाग, जो Auto मुळे 720p ला चालत होता, तो एकटाच निम्मा डेटा घेत होता.

तो भाग 480p वर आणल्यावर पाऊण तासाला ३७५ एमबी लागू लागले आणि दिवसाची बेरीज सुमारे १,३२० एमबी झाली. म्हणजे साधा दिवस दीड जीबीत बसला आणि किंचित उरलाही. रविवार मात्र वेगळा होता. सकाळी घरच्यांशी तासभर व्हिडिओ कॉल, सुमारे ३२० एमबी. रील्स आणि किरकोळ मिळून ७०० एमबी. संध्याकाळी साडेतीन तास क्रिकेटचा सामना. 720p ला तो सव्वाचार जीबीच्या आसपास गेला असता, तर 480p ला सुमारे १,७५० एमबी. कमी दर्जा धरूनही रविवारची बेरीज पावणेतीन जीबी होते.

आता प्लॅनकडे पाहू. रोज दोन जीबीचा प्लॅन घेतला, तर कामाच्या दिवशी रोज जवळजवळ सातशे एमबी वाया जातात आणि रविवारी तरीही पाऊण जीबी कमी पडतो. म्हणजे जास्त पैसे देऊनही तिची अडचण सुटत नाही. याउलट दीड जीबीच्या प्लॅनवर रविवारी सव्वा जीबी कमी पडतो आणि २८ दिवसांत चार रविवार येतात, म्हणून एकूण पाच जीबी. एवढ्या आकाराचा वरचा डेटा वेगळा घेतला आणि त्याची मुदत मूळ प्लॅनइतकी असली, तर रोजची मर्यादा संपल्यानंतरच तो वापरला जातो आणि उरलेला पुढच्या रविवारी कामी येतो. एका दिवसाच्या मुदतीचे पॅकही असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी मुदतीची ओळ वाचावी. मग फक्त दोन बेरजा समोर ठेवायच्या : दीडचा प्लॅन अधिक वरचा डेटा एकीकडे, आणि दोनचा प्लॅन अधिक त्यालाही रविवारी लागणारा सुमारे तीन जीबी वरचा डेटा दुसरीकडे. दर सतत बदलतात, म्हणून ही तुलना रिचार्जच्या दिवशीच करावी.

५जीमुळे या हिशेबात एक फाटा फुटतो. जुलै २०२४ च्या दरवाढीच्या वेळी जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद ५जी ही सवलत रोज दोन जीबी आणि त्यावरील प्लॅनपुरती ठेवली. ज्याच्याकडे ५जी फोन आहे आणि जो जेथे बसून सामना पाहतो तेथे ५जी टिकते, त्याच्यासाठी दोन जीबीचा प्लॅन खरोखर सोयीचा आहे, कारण ५जीवर वापरलेला डेटा त्या दोन जीबीतून जात नाही. परंतु फोन ४जीवर उतरला की त्या क्षणापासून रोजची मर्यादा कापली जाऊ लागते, आणि पडद्याच्या कोपऱ्यातील लहान अक्षरे बदलण्यापलीकडे काही सूचना मिळत नाही. भाचीला मी दोन संध्याकाळी तिच्या खोलीत त्या अक्षरांवर लक्ष ठेवायला सांगितले. खिडकीजवळ ५जी होते. पलंग मात्र आतल्या भिंतीला आहे आणि तेथे फोन बहुतेक वेळ ४जीवर राहत होता. तिच्यासाठी अमर्याद ५जीचा उपयोग खिडकीपुरताच होता, म्हणून आम्ही तो धरला नाही.

मर्यादा संपल्यावर काय उरते, तेही माहीत असावे. जिओ, एअरटेल आणि व्ही यांच्या बहुतेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग 64 kbps होतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. व्हॉट्सॲपचा मजकूर त्यावर जातो, पण दोन एमबीचा फोटो उतरायला चार मिनिटांहून अधिक लागतात आणि व्हिडिओ कॉल लागत नाही. पैसे देण्याच्या व्यवहाराला स्वतःला फार थोडा डेटा लागत असला, तरी ॲप उघडतानाच अडकते आणि दुकानात रांग खोळंबते. भाचीला रात्री नऊनंतर हाच त्रास होत होता.

तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, क्रमांक नाशिकला आहे. घरी वायफाय असल्याने तिचा बाहेरचा डेटा दिवसाला शंभर एमबीही भरत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध करणे कंपन्यांना बंधनकारक केल्यावर तसा पर्याय तिच्यासाठी तपासला. पण ती भाजीचे पैसेही फोनवरून देते आणि मंडईत वायफाय नसते, त्यामुळे थोडा तरी डेटा हवाच होता. रोजच्या मर्यादेऐवजी पूर्ण मुदतीसाठी एकत्रित काही जीबी देणारे लहान प्लॅन असतात, त्यांतील एक तिला पुरतो.

भाचीचा प्लॅन दीड जीबीचाच ठेवला आणि त्यावर सहा जीबीचा वरचा डेटा घेतला. पहिल्या महिन्यात त्यातील साडेचार जीबी वापरला गेला. एका रविवारी तिच्या मैत्रिणींनी हॉटस्पॉट मागितला, त्या दिवशी मात्र सामन्याचे शेवटचे दोन षटके तिने रेडिओवर ऐकली.